चंदाराणीची खरी जन्मतारीख

पवनीच्या बसस्टँडसमोर माझं दुकान आहे. आयकराचं रिटर्न, पासपोर्ट, सातबारा, वीजबिल, जे म्हणाल ते ऑनलाईन भरून देतो. जुलै महिना म्हणजे आमची सुगी. बाहेर धानाची रोवणी चालू असते आणि आत रिटर्नची. बाया चिखलाच्या बांधीत वाकलेल्या, मी कीबोर्डवर वाकलेला, आणि संध्याकाळी कंबर दोघांचीही सारखीच धरते.

तेवीस सालच्या जुलैत एका दुपारी दुकानाचं दार ढकलून चंदाराणी आत आली.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, चंदाराणीची ओळख करून द्यावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. मांडव, पडदे, ऑर्गन, तबला, हजारो माणसं. वडशाच्या नाटक कंपन्या सगळ्या सीझनभर गावं पालथी घालतात. या नाटकांच्या पोस्टरवर पंचवीस वर्षं एक चेहरा कायम आहे. नायिका कोण, तर चंदाराणी. कॉलेजात जाणारी पोरगी, पाटलाची लाडकी लेक, गरीब हमालाची बहीण, सगळ्या तीच. तिच्या पदराला वारा लागला की पुढच्या रांगेतले म्हातारे सावरून बसत.

"सुगत," ती खुर्चीत बसत म्हणाली, "मले रिटर्न पायजे."

"भरायचं आहे की परत पाहिजे?" मी विचारलं, कारण बरेच लोक रिटर्न म्हणजे परत मिळणारे पैसे समजतात.

"दोन्ही. कंपनीवाल्यानं गेल्या वर्सी माह्या मानधनातून टॅक्स कापून ठेवला. तो वापस पायजे. अन् मी सोताची नाटक कंपनी काढून राहिली. बँकेचा मॅनेजर म्हणते, लोन पायजे तं यंदाचं रिटर्न दाखवा."

तिची स्वतःची कंपनी! मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. "चंदामावशी, ही तर..."

"मावशी कोणाले म्हनते बे? ताई म्हन."

"ताई," मी म्हणालो, "पॅनकार्ड द्या, आधार द्या, बँकेचं पासबुक द्या. एका दिवसात काम करतो."

एका दिवसात! आज आठवलं तरी मला हसू येतं.

पॅनकार्ड घरी राहिलं होतं. संध्याकाळी तिनं फोनवर त्याचा फोटो पाठवला. फोटो झकास होता, नाव वाचता येत होतं, नंबर वाचता येत होता. फक्त जन्मतारखेवर लाल नेलपॉलिश लावलेला अंगठा होता. मी लिहिलं, ताई, अंगठा काढून पाठवा. दुसऱ्या फोटोत अंगठा नव्हता, तिथे टिकल्यांचं पाकीट होतं. तिसऱ्यात जास्वंदीचं फूल. मी फोनच केला.

"ताई, जन्मतारीख दिसत नाही."

"मंग मले विचार ना! लिही. एक मे, एकोणऐंशी."

"पॅनवर हीच आहे ना?"

"बँकेत हीच हाय. बँक काय खोटं बोलन?"

मी आयकराच्या पोर्टलवर तिची नोंदणी करायला बसलो. तिनं आजवर कधी रिटर्न भरलंच नव्हतं, त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात. पॅन टाकला, नाव टाकलं, एक मे एकोणीसशे एकोणऐंशी टाकली. पोर्टलनं लाल अक्षरात सांगितलं की दिलेला तपशील पॅनच्या नोंदीशी जुळत नाही. पुन्हा टाकला, पुन्हा लाल. मी तिला परत फोन लावला आणि समजावून सांगितलं, की पॅन काढताना जी तारीख दिली तीच पोर्टलला लागते, एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी आत घेत नाही, आणि आत गेल्याशिवाय रिटर्न नाही.

तिकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"उद्या येतो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा दुकानात तिघे होते. एक पंप कनेक्शनवाला, एक जातपडताळणीवाला आणि एक नुसताच पंख्याखाली बसायला आलेला. तिनं तिघांनाही चहाला पिटाळलं. दाराची कडी लावली. खिडकीचा पडदा ओढला. मग ब्लाउजमधून छोटं पाकीट काढलं, पाकिटातून रुमाल, रुमालातून पॅनकार्ड.

"मनात वाच," ती म्हणाली.

मी मनात वाचलं. बारा जून, एकोणीसशे सदुसष्ट.

मी वर बघितलं. ती छताकडे बघत होती.

"वाचलं?"

"हो."

"आता इसर."

"ताई, विसरलो तर टाकू कशी?"

"टाक अन् मंग इसर."

खरं सांगतो, मला गेल्या सीझनचं नाटक आठवत होतं. त्यात ती वेण्यांना लाल रिबिनी बांधून सायकलवरून येते आणि बापाला म्हणते, बाबा, मला पुढं शिकायचंय. छप्पन वर्षांची! आणि तिला सायकलवरून उतरताना बघून माझा धाकटा चुलतभाऊ प्रफुल्ल आठवडाभर जेवला नव्हता.

तारीख टाकली. पोर्टल क्षणात हिरवं झालं. ओटीपी आला, पासवर्ड ठरला, पंचफुला आनंदराव गजभिये या नावाचं खातं उघडलं. हे तिचं खरं नाव. पंचफुला. पॅनवर हे, आधारवर हे, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेलेही होते, कारण जूनमध्ये त्याची मुदत संपत होती तेव्हा तिच्या भाच्यानं ते काम उरकून घेतलं होतं. कंपनीनं कापलेला टॅक्स पोर्टलवर व्यवस्थित दिसत होता. मी खुशीत शीळ घातली. आता फक्त बँक खातं जोडायचं, कारण परतावा ज्या खात्यात जाणार ते आधी पोर्टलनं पडताळलेलं लागतं.

खाते नंबर टाकला, आयएफएससी टाकला, पाठवलं. तिनं सोबत आणलेला चिवडा आम्ही खाल्ला. थोड्या वेळानं उत्तर आलं. पडताळणी फेल. पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नाही.

"ताई, पासबुक दाखवा."

पासबुकावर नाव होतं, चंदाराणी. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. नुसतं चंदाराणी, जसं पोस्टरवर असतं तसं.

"हे कसं काय?"

"त्याची मोठी गंमत हाय," ती म्हणाली आणि चिवड्याचा बोकणा गिळून सांगू लागली. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तिच्या त्या वेळच्या कंपनीचा मालक बाबूलाल मोठ्या थाटाचा माणूस. त्यानं ठरवलं, आपल्या कलाकारांचे पैसे आता बँकेतून द्यायचे. सगळ्यांना एका मेटाडोरमध्ये घालून प्रयोगावरून थेट शाखेत नेलं. तोंडावर रंग तसेच. त्या काळी जुन्या खातेदारानं ओळख दिली की खातं उघडत असे. ओळख बाबूलालनं दिली, फॉर्म बाबूलालच्या मॅनेजरनं भरले. त्यानं नाव विचारलंच नाही. पंचफुला कोण, हे त्याला कुठं माहीत? जन्मतारीख मात्र विचारली. सगळी कंपनी भोवती उभी.

"अन् तुम्ही एकोणऐंशी सांगितली."

"मंग काय सांगू? हिरोईनचा फॉर्म होता. बाजूले खलनायक उभा होता, त्याच्या बाजूले ती नवी नाचणारी उभी होती, एकोणवीस वर्साची. मी जरा पुढं सरकवली."

"बारा वर्षं?"

"हिशोब करू नोको," ती म्हणाली.

फॉर्मवर फोटोही स्टेजचाच लावला होता. मुकुट घातलेला. पुढे बँकेनं पॅन मागितला तेव्हा तिनं भाच्याच्या हातून नुसता नंबर लिहून पाठवला. केवायसीचे कागद मागितले की ही बाई कधी ब्रह्मपुरीला, कधी अर्जुनी मोरगावला, आणि शाखेतल्या शिपायापासून सगळे तिचे चाहते. विसेक वर्षं ते तसंच चाललं.

मी तिला सांगितलं की एक सोपी वाट आहे. पंचफुला नावानं नवीन खातं काढा आणि ते जोडा.

"नव्या खात्याले जन्मतारीख नाई लागत?"

"लागते."

"मंग सोपी कशी? अन् लोन जुन्या खात्याच्या जिवावर भेटून राहिलं. एवढ्या सालाची उलाढाल त्याच्यात हाय. पंचफुलाले कोन देते लोन? तिनं तं एकही नाटक नाई केलं."

हे बरोबर होतं. मग उरली एकच वाट. बँकेत जाऊन नाव आणि जन्मतारीख दोन्ही पॅनप्रमाणे करून घ्यायची. मुदत महिनाअखेरपर्यंत होती. ती खुर्चीत ताठ बसली, पदर खांद्यावर घेतला आणि युद्धावर निघालेल्या राणीसारखी म्हणाली, "चाल. भय्याजीले बी घेऊ संग."

भय्याजी नाकाडे म्हणजे तिचा स्टेजवरचा बाप. वीस वर्षं तो तिचा बाप होत आला होता. कधी पाटील, कधी हमाल, कधी मास्तर, पण पोरगी कायम हीच. डोक्यावर केस लवकर गेले म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षीच त्याला बापाची कामं मिळायला लागली होती, आणि ती सवय त्याला स्टेजखालीही लागली. "पोरी, पाणी पी," "पोरी, थंडी वाजन," असं तो तिला म्हणायचा. तिच्या नव्या कंपनीत तो भागीदार होणार होता आणि त्याचंही खातं त्याच शाखेत होतं.

शाखेत त्या दिवशी जत्रा होती. पेन्शनवाले, बचतगटवाल्या, पीकविम्याचे लोक. ग्राहकसेवेच्या खिडकीत तृप्ती मॅडम बसल्या होत्या. सांगलीकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या, आणि झाडीपट्टीचं नाटक कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं. कोरोनात खिडकीला जाड काच बसवली होती आणि आतलं बाहेर ऐकू यावं म्हणून छोटा माईक आणि भोंगा. कोरोना गेला, भोंगा राहिला.

तृप्ती मॅडमनी पॅन बघितलं, आधार बघितलं, मग स्क्रीनवर खात्याचा फोटो उघडला आणि थबकल्या.

"या फोटोतल्या बाई कोण आहेत?" भोंग्यातून आवाज आला.

"मीच होय."

"यांच्या डोक्यावर मुकुट आहे."

"राणी होती मी त्या दिवशी."

मॅडमनी फोटोकडे बघितलं, काचेपलीकडच्या बाईकडे बघितलं. साधी सुती साडी, केसांना तेल, कपाळ रिकामं. "मॅडम, माफ करा, पण हे जुळत नाहीये."

"थांबा," चंदाराणी म्हणाली, आणि पर्स घेऊन शाखेच्या बाथरूममध्ये शिरली.

ती बाहेर आली तेव्हा आधी बचतगटवाल्यांची रांग गप्प झाली, मग पेन्शनवाल्यांची. ओठ लाल, डोळ्यांत काजळाची लांब रेघ, केस मोकळे, पदर कमरेला खोचलेला. बाकावरची शकुनबाई आपल्या नातीला म्हणाली, "अव माय, चंदाराणी!" आणि मग सगळी शाखा एकदमच ओरडली. कॅशियर नोटा मोजायचा थांबला. कोणीतरी शिट्टी मारली. एक पेन्शनवाला उठून म्हणाला, "बाई, तो मागच्या मंडईतला डायलाग एक डाव!" आणि तिनं पासबुकं हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोर हात वर करून डायलॉग टाकला, "इज्जतीची भाकर आंबट लागली तरी चालेल, पण बेइमानीचा लाडू माझ्या घशाखाली उतरणार नाही!" टाळ्या पडल्या. गार्डनं बंदूक काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

काचेमागे तृप्ती मॅडम खुर्चीत मागे पडून हसत होत्या. त्यांनी डोळे पुसले. "फोटो जुळला," त्या म्हणाल्या. "पण टाळ्यांवर खात्यातलं नाव बदलता येत नाही हो. तुमचं नाव बदललेलं नाही, पहिल्यापासूनच दुसरं लिहिलंय. मला एक प्रतिज्ञापत्र लागेल, की चंदाराणी आणि पंचफुला आनंदराव गजभिये ही एकच व्यक्ती आहे. सोबत पॅन आणि आधारच्या सही केलेल्या झेरॉक्स, हा दुरुस्तीचा अर्ज आणि सहीचा नवा नमुना. मी नोंद करते, मॅनेजर साहेब तपासून मंजूर करतील. मगच बदलेल."

"देतो ना. एवढंच?"

"आणि जन्मतारीखपण बदलायची आहे ना? अर्जात दिसत नाहीये."

चंदाराणी काचेला चिकटली आणि पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

ती आणखी चिकटली. तिच्या श्वासानं काचेवर धुकं आलं. मॅडमनी ओठ वाचायचा प्रयत्न केला, शेवटी आधारवर बघितलं, आणि भोंग्यातून त्यांचा स्वच्छ, खणखणीत आवाज सगळ्या शाखेत घुमला.

"बारा जून एकोणीसशे सदुसष्ट. म्हणजे छप्पन पूर्ण. बरोबर?"

रांगेतल्या सगळ्या माना एकदम वळल्या.

"छप्पन?" शकुनबाई म्हणाली. "माह्याऊन तं दोनच वर्सानं लहान हाय!"

मग भय्याजी बोलला. त्याचा चेहरा अगदी पांढरा पडला होता. "छप्पन?"

"भय्याजी, घरी गेल्यावर बोलू."

"मी एक्कावन्न वर्साचा हावो," भय्याजी म्हणाला. "मी एक्कावन्न वर्साचा हावो अन् वीस वर्स झाले तुहा बाप होऊन राहिलो!"

"हळू बोला ना!"

"हळू काहून? आता सगळ्या बँकेले मालूम झालं! मी तुले पोरी म्हनत होतो! तुले थंडी वाजते म्हनून मी आपली शाल देत होतो! अन् तू माही मोठी बहीण निघाली!" त्याचा आवाज चढत गेला. नाटकात बापाच्या भूमिकेत तो असाच कापत असे, पण हे कापणं खरं होतं. "मागच्या सीझनच्या नाटकात मी तुले कानाखाली मारली ना व! मोठ्या बहिणीले मारली मी!"

तो तडक बाहेर गेला आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला. शाखेत मात्र हसण्याचा असा पूर आला की मॅनेजर साहेब केबिनमधून बाहेर आले आणि काय झालं हे कळल्यावर तेही भिंतीला टेकले.

मला वाटलं होतं चंदाराणी रडेल. ती कोपऱ्यात जाऊन बसली, तोंडाला पदर लावला, खांदे हलत होते. मी जवळ गेलो. ती हसत होती. इतकी की श्वास घेता येईना.

"त्याचं तोंड पाह्यलं का?" ती कशीबशी म्हणाली. "सुगत, एवढ्या वर्सात एक्टिंगमधी त्यानं असं तोंड कधी नाई केलं. असं केलं असतं तं सगळे बक्षिसं त्यालेच भेटले असते."

"ताई, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"भेव वाटत होतं," ती डोळे टिपत म्हणाली. "बारा वर्स लपवले तं लय वजनदार झाले होते. आता तूच पाय. बोलून टाकले, अन् छतही नाई पडलं."

पण भय्याजी फोन उचलत नव्हता. प्रतिज्ञापत्र करताना नोटरीला, ही बाई ओळखीची आहे असं सांगून सही करणारा माणूस लागतो. मी करू शकलो असतो, पण तिनं हट्ट धरला. "त्याच्या सहीनंच होईन. त्याच्यासारखं मले कोन ओळखते?" त्याच्या घरी निरोप धाडून दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही तहसील कार्यालयाबाहेर नोटरीच्या टेबलाशी उभे होतो, स्टॅम्प लावलेला कागद तयार, आणि ती रस्त्याकडे बघत होती.

मोटारसायकल आली. भय्याजी उतरला. आमच्याकडे न बघता टेबलाजवळ गेला. नोटरीनं कागद वाचून दाखवला. मी, पंचफुला आनंदराव गजभिये, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की चंदाराणी या नावानं ओळखली जाणारी व्यक्ती मीच आहे.

"तुम्ही ओळखता यांना?" नोटरीनं विचारलं.

"ओळखतो वाटत होतं," भय्याजी म्हणाला.

"वकीलसाहेब, लिहा की ओळखते," चंदाराणी म्हणाली.

"नातं काय?"

भय्याजीनं पेन हातात घेतलं आणि म्हणाला, "लिहायचं काय ते तुमीच ठरवा जी. बाप लिहिलं तं खोटं, अन् भाऊ लिहिलं तं बायकोले समजवा लागन."

"नात्याची गरज नाही. परिचित लिहितो."

"परिचित!" दोघेही एकदमच म्हणाले, आणि त्या शब्दाचं त्यांना काय हसू फुटलं कोण जाणे. भय्याजी टेबलाला धरून खाली बसला. चंदाराणीनं त्याच्या टकलावर हात ठेवला आणि म्हणाली, "लहान भाऊ, सही कर." त्यानं सही केली. ती झाल्यावर तिच्या पायाही पडला, आणि तिनं त्याला चापट मारली. "पाया पडू नोको बे, लोक पाहून राहिले."

बँकेत अर्ज दिला. सहीचा नवा नमुना देताना मोठी पंचाईत झाली. चंदाराणीची सही म्हणजे च चा मोठा वळसा, त्याखाली फुलाची पाकळी आणि शेवटी दोन टिंबं. ती तिला चाहत्यांच्या वह्यांवर करून करून सवयीची झालेली. पंचफुला ही सही तिनं शाळा सुटल्यापासून क्वचितच केली होती. दहा-बारा कागद गिरवले. तृप्ती मॅडम काचेमागून म्हणाल्या, "सावकाश, सावकाश." शेवटी जमली, आणि तिनं शेवटी हळूच एक पाकळी काढलीच. मॅडमनी ती चालवून घेतली, फक्त एवढंच म्हणाल्या की आता प्रत्येक चेकवर ही पाकळी काढावी लागेल.

मंजुरी यायला काही दिवस लागले. तोवर मी रिटर्न भरून ठेवलं, फक्त खातं जोडायचं बाकी ठेवलं. जुलै संपायला आला. दुकानात गर्दी इतकी की मी जेवण उभ्यानं करत होतो. रोज सकाळी तिचा फोन, "झालं का?" मी खात्याची पडताळणी पाठवायचो, आणि पोर्टल तेच म्हणायचं.

एका सकाळी बँकेतून तृप्ती मॅडमचाच फोन आला. "गजभिये मॅडमच्या खात्याची दुरुस्ती झाली. बघा."

मी खातं पुन्हा पडताळणीला पाठवलं. चंदाराणी आणि भय्याजी माझ्या मागे उभे. मागे पंप कनेक्शनवाला, तो रोजच यायचा. स्क्रीनवर चाक फिरत राहिलं. मग आलं. खातं पडताळलं गेलं. नाव जुळतं.

मी परताव्यासाठी तेच खातं निवडलं, रिटर्न पाठवलं, आधारवर ओटीपी मागवला. तिच्या फोनवर सहा आकडे आले. ते वाचताना ती घाईत दोनदा चुकली. तिसऱ्यांदा भय्याजीनं वाचले, नाटकात कोर्टाचा निकाल वाचतात तसे, एकेक आकडा ओढून. पोचपावती छापून निघाली. चंदाराणीनं ती छातीशी धरली, माझ्या दुकानाच्या दोन टेबलांमधल्या हातभर जागेत गिरकी घेतली आणि प्रिंटर पाडला. प्रिंटर अजून चालतो, फक्त कागद तिरका काढतो.

तिचं लोन मंजूर झालं. परतावा दसऱ्याच्या आधी पंचफुलाच्या खात्यात जमा झाला. कंपनीचं नावही तिनं पंचफुला नाट्य मंडळ ठेवलं, आणि नायिकेचं काम अर्थातच स्वतःकडे ठेवलं. वय पवनीभर झालंच होतं, भंडाऱ्यापर्यंत पोचायला दोन बसगाड्या पुरल्या. काही गावच्या मंडळांनी नाटक लावायचं की नाही म्हणून कुरकुर केली. पण दिवाळीनंतरचा पहिलाच प्रयोग लाखांदूरकडच्या एका गावात लागला, आणि मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मी तिथं होतो.

पहिल्या अंकात ती सायकलवरून आली. मागून एक पोट्टा ओरडला, "आजी, घरी जा!"

चंदाराणीनं सायकल स्टँडवर लावली, पुढे आली, माईक खाली वाकवला.

"बाळा, आजी होय, कबूल," ती म्हणाली. "पन आयकरवाल्यायनं तपासून पास केलेली आजी हाय. तुह्या आज्याले विचार, त्यानं माह्यासाठी किती नाटकं पाह्यले."

"सोळा!" पुढच्या रांगेतून एक म्हातारा उठून ओरडला. मांडव असा हसला की ऑर्गनवाल्याला सूर सापडेना, आणि नंतर गाणं सुरू झालं तेव्हा ते सगळं गाव म्हणत होतं.

प्रयोगानंतर मी रंगपटात गेलो तेव्हा तिच्याभोवती गावच्या बाया जमल्या होत्या. मला वाटलं, मेकअपबद्दल विचारत असतील. एक रंभाबाई सांगत होती, की तिच्या पासबुकावर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. दुसरीच्या पॅनवर जन्मसालच चुकलेलं. तिसरीला तारीख माहीत नाही म्हणून नुसतीच एक जानेवारी लिहून दिलेली. कोणी म्हणत होती की कंपनीनं कापलेला टॅक्स अडला, कोणी म्हणत होती की बचतगटाचं खातं अडलं. आणि चंदाराणी तोंडाचा रंग तसाच ठेवून, पेटीवर बसून एकेकीला समजावत होती की खरी तारीख सांगायला भ्यायचं नाही, मीबी सांगितली, काही होत नाही.

"सोमवारी सगळ्या पवनीले या," तिनं जाहीर केलं. "बसस्टँडसमोर माहा सुगत बसते."

सोमवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो तेव्हा एक काळीपिवळी जीप येऊन थांबली. तिच्या टपावर दोन बाया बसलेल्या, आत किती होत्या ते मोजता येईना, आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरला गाण्याचा ठेका धरायला लावत, लाल रिबिनी बांधून चंदाराणी बसली होती.

"सुगत," ती खिडकीतून ओरडली, "चहा ठेव. सतरा जणी हाय, अन् एकीचंही नाव जुळत नाई!"